कुशाबांचा जुना स्कॅन

माझ्या हाताखाली शिकणारी पोरं माझ्या पाठीमागे मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत बापडी. परळच्या या हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं मी छातीचे स्कॅन वाचतेय, आणि चुकीचा रिपोर्ट बाहेर गेला की त्या माणसाचं काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ओरडते. गोड बोलून शिकवणारे दुसरे आहेत, त्यांच्याकडे जा म्हणावं.

पण त्या मंगळवारी मी ओरडत होते ती घाबरून. मशीनमध्ये आमचे कुशाबा होते.

कुशाबा म्हणजे आमच्या सीटी विभागाचे सगळ्यात जुने टेक्निशियन. बावीस वर्षांत मशीन तीनदा बदललं, कुशाबा तेच. लालबागहून चालत यायचे, सव्वासातला हजर. पेशंटला मशीनमध्ये सरकवायचं आणि काचेपलीकडून माइकवर सांगायचं, "श्वास घ्या, अजून घ्या, आता रोखून धरा." मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज असतो, पण तो त्यांना कधी पटला नाही. "त्या बाईचं ऐकून कोण श्वास रोखतंय, मॅडम?" म्हणायचे. त्यांनी काढलेले स्कॅन कधी हललेले नसायचे. मी त्यांना नेहमी सांगायची, कुशाबा, माझं अर्धं नाव तुमच्यामुळे आहे.

गेलं वर्षभर त्यांना धाप लागत होती. आधी वाटेतल्या भारतमाता टॉकीजच्या सिग्नलपाशी थांबायचे, मग जिन्यात थांबायला लागले. खोकला तर जुनाच होता. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी त्यांना धरून बसवलं, पाठीला स्टेथोस्कोप लावला, आणि मला फोन केला. "दोन्हीकडे खाली वेलक्रो उचकटल्यासारखा आवाज येतोय. बोटांची टोकंही फुगलीत. स्कॅन आजच कर."

तर आता माइकवर होती अपेक्षा, कुशाबांनीच तयार केलेली मुलगी. "काका, श्वास घ्या. अजून. रोखा." चौथ्या सेकंदाला कुशाबा खोकले. सगळा स्कॅन हलला. अपेक्षाने त्यांना पाच मिनिटं आराम दिला आणि परत सुरुवात केली. दुसऱ्यांदा कसाबसा जमला. मग श्वास सोडायला लावून एकदा, आणि पालथं झोपवून पुन्हा एकदा. अपेक्षाचा आवाज तोवर पार बारीक झाला होता.

शर्ट घालता घालता कुशाबा माझ्या खोलीच्या दारात आले. "मॅडम, नीट बघा हां. आणि काय ते सरळ सांगा, गोल गोल नको. मी नि लक्ष्मी बाहेर बाकावर आहोत."

"बसा. बोलावते," मी म्हटलं.

स्क्रीनसमोर सम्यक बसला होता. पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, येऊन पाचच महिने झालेले. हुशार आहे, पण घाई फार. मी त्याच्या मागे उभी राहिले. माउस त्याच्या हातात, तोंड माझं, अशी आमची शिकवायची पद्धत.

"खालच्या भागात ये. काय दिसतं?"

"मॅडम, काळे काळे गोल आहेत. हवेच्या पोकळ्या. एम्फिसीमा?"

"अरे देवा! म्हणजे विडी ओढणाऱ्यांचा आजार? कुशाबांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. पोकळ्या दिसल्या की एम्फिसीमा, असं कुठल्या पुस्तकात आहे? त्या कुठे आहेत ते बघ. भिंती बघ."

त्याने चित्र मोठं केलं. "फुप्फुसाच्या अगदी कडेला आहेत. प्लुराच्या आवरणाला चिकटून. भिंती जाड आहेत, स्पष्ट. आणि... एकाची भिंत ती दुसऱ्याचीही भिंत आहे."

"किती मोठ्या?"

त्याने मोजलं. "चार मिलिमीटर, सहा, पाच."

"किती थर?"

"इथे दोन. इथे तीन. एकावर एक."

"मग एम्फिसीमा का नाही ते आता तूच सांग."

त्याने चित्र वरच्या भागापर्यंत नेऊन परत खाली आणलं. "कडेचा एम्फिसीमा असता तर पोकळ्या एकाच रांगेत असत्या, भिंती पातळ असत्या, आणि बहुतेक वरच्या भागात असत्या. हे खाली आहे, थरावर थर आहे. हनीकोम्ब, मॅडम."

"हनीकोम्ब. मधमाश्यांचं पोळं. इथलं फुप्फुस संपलं, सम्यक. वायुकोश गेले, उरला तो व्रण आणि मधल्या भोकाभोकांतली हवा. या हवेतून रक्ताला काही मिळत नाही. आता पोळ्याच्या थोडं वर सरक."

"इथे रेघा आहेत. बारीक, एकमेकींत गुंतलेल्या."

"जाळं. रेटिक्युलर पॅटर्न म्हणतात तो हाच. वायुकोशांच्या मधले जे पडदे असतात, नेहमी दिसतही नाहीत इतके पातळ, ते जाड झाले की असं जाळं दिसतं. आणि त्या जाळ्यातून जाणारी श्वासनलिका बघ. कशी आहे?"

"रुंद आहे. वेडीवाकडी. आणि पार कडेपर्यंत दिसतेय."

"निरोगी माणसात कडेच्या एक सेंटीमीटरमध्ये श्वासनलिका दिसत नाही, इतकी ती बारीक होत जाते. ही का दिसते? आजूबाजूचा व्रण आकसतो आणि तिला चारी बाजूंनी ओढून उघडी करतो. ट्रॅक्शन. हे दिसलं की समज, इथे व्रण आहे. दुसरं काहीही दिसत असलं तरी आहे."

सम्यक लिहून घेत होता. मग त्याने विचारलं, "कबुतरं, मॅडम? त्यांच्या विष्ठेनेही फुप्फुसात असंच होतं ना?"

बरं विचारलं. दादरमध्ये राहणारा प्रत्येक दुसरा पेशंट कबुतरांची गोष्ट सांगतो. मी त्याला श्वास सोडून काढलेली चित्रं दाखवली. कबुतरांचा आजार असेल तर श्वास सोडल्यावरही फुप्फुसाचे काही तुकडे हवा धरून ठेवतात, काळेच राहतात. कुशाबांच्यात तसं नव्हतं. घरात कबुतरं नाहीत, रक्ताच्या तपासण्या स्वच्छ, सांधे दुखत नाहीत. कारण सापडत नाही, खालच्या भागात कडेला पोळं, असा हा आजार. कुशाबा बाहेर बाकावर बसले होते, आणि मी तोंडाने शिकवत होते. सवय वाईट असते.

"मॅडम, यांचा जुना स्कॅन आहे का? तुम्हीच सांगता ना, जुना काढल्याशिवाय रिपोर्टला हात लावायचा नाही."

सांगते खरी. आणि जुना होता, हेही मला माहीत होतं. दोन हजार एकवीसचा, जूनमधला. सकाळपासून तो काढायचं मी टाळत होते.

"काढ," मी म्हटलं. "रिपोर्ट उघडायचा नाही. आधी चित्र, मग रिपोर्ट."

चित्रं आली. मी मागे सरकून भिंतीला टेकले. सम्यकने दोनदा मागे वळून पाहिलं. मी बोलत नाही म्हणजे त्याला परीक्षा वाटली असणार.

"खालच्या भागात दोन्हीकडे पांढुरकं आहे," तो म्हणाला. "धुरकट. पण त्यातून रक्तवाहिन्या दिसतायत. म्हणजे ग्राउंड ग्लास. रक्तवाहिन्या झाकल्या गेल्या असत्या तर कन्सॉलिडेशन म्हटलं असतं."

"बाथरूमच्या खिडकीला लावतात तशी काच. पलीकडचं माणूस कळतं, चेहरा कळत नाही. पुढे."

"दोन हजार एकवीस म्हणजे कोविड. कोविडनंतरचं ग्राउंड ग्लास. बहुतेकांचं काही महिन्यांत निवळतं."

तो थांबला. मला वाटलं, झालं, थांबू दे इथेच. खरं सांगते, मनात आलं माझ्या. पण पोरगा चित्र पुढेमागे करत राहिला.

"पण मॅडम... हे नुसतं ग्राउंड ग्लास नाहीये. त्या धुरकटपणात रेघा आहेत. बारीक आहेत, पण आहेत. जाळं. आणि ही डावीकडची श्वासनलिका ओढली गेलीय. उजवीकडेही. कडेपर्यंत दिसतेय." त्याचा आवाज चढला, काहीतरी सापडल्यावर चढतो तसा. "जाळं आणि ओढलेली नलिका सोबत असेल तर ते ग्राउंड ग्लास सूज नसतं. तो बारीक व्रणच असतो, इतका बारीक की धुरकट दिसतो. तो निवळत नाही. बरोबर ना?"

"बरोबर."

"यांचा पालथा स्कॅन कुठाय? उताणं झोपलं की वजनाने पाठीकडचा भाग दबतो, तोही असाच पांढुरका दिसतो. पालथं केलं की तो पुसला जातो, आणि खरा आजार तसाच राहतो. इथे पालथा काढलेलाच नाही."

"नाही काढला."

"कोणी रिपोर्ट केला हा?" असं म्हणत त्याने रिपोर्ट उघडला.

मला वाचायची गरज नव्हती. दोन्ही खालच्या भागांत ग्राउंड ग्लास, कोविडोत्तर. पाठीकडचा बदल झोपण्याच्या स्थितीमुळे. निवळणं अपेक्षित. पुन्हा तपासणीची आवश्यकता नाही. खाली सही, डॉ. सुनेत्रा. म्हणजे मी.

सम्यकची मान खाली गेली.

"मॅडम, तेव्हा तर सगळ्यांनाच..."

"गप्प बस," मी म्हटलं. आणि मग मीच बोलत सुटले. काय सांगू त्या दिवसांचं? दिवसाला साठ-सत्तर स्कॅन. प्रत्येकानंतर मशीन पुसायचं. दुहेरी मास्कमध्ये, प्लास्टिकच्या डगल्यात घामाने निथळणारे कुशाबा. पालथं झोपवणं आम्ही बंदच केलं होतं, एका माणसामागे पाच मिनिटं वाचायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्राउंड ग्लास, ग्राउंड ग्लास. डोळ्याला दुसरं काही दिसेनासं झालं होतं. त्यात कुशाबांना स्वतःला कोविड झाला, साधाच, घरी बरे झाले. कामावर परतले त्या दिवशी दोन पेशंटच्या मधल्या फटीत स्वतःच मशीनमध्ये जाऊन झोपले. उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काय मॅडम?" मी चित्रं भरभर फिरवली आणि म्हटलं, "अहो कुशाबा, नेहमीचंच. निवळेल. जा कामाला." ते गेले कामाला. मिनिटसुद्धा दिलं नाही मी त्यांना. अनोळखी पेशंट असता तर दिलं असतं. आपल्या माणसाला काही होत नाही, असं धरून चाललं होतं माझं डोकं.

"आता रिपोर्टमध्ये काय लिहू?" सम्यकने हळूच विचारलं. "आधीच्या स्कॅनच्या तुलनेत आजार वाढलेला आहे, एवढं लिहिलं तरी खोटं नाही होणार."

खोटं झालं नसतं. कुणी विचारलंही नसतं. जुने रिपोर्ट कोण उघडून बघतंय? कुशाबा तर नक्कीच नाही. त्यांनी माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. एक मिनिटभर मी खरोखर त्या वाक्याकडे बघत राहिले. लाज वाटते सांगायला, पण बघत राहिले.

"लिही," मी म्हटलं. "जुन्या स्कॅनमध्ये व्रणाची सुरुवात दिसते, ती तेव्हा ओळखली गेली नाही. जुन्या रिपोर्टला दुरुस्ती जोड, माझ्या नावाने. आणि त्यांना आत बोलाव."

लक्ष्मीवहिनी आधी आल्या. कुशाबांची बायको, ठेंगणी, तुरुतुरु चालणारी. गणपतीत दरवर्षी मला खाजा नि मोदक पाठवतात. बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "बाई, तुम्हीच बघितलंत ना? मग मला काळजी नाही. चार वर्षं आम्ही तुमच्या शब्दावर निवांत आहोत."

मी माझी खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसले. स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. कुशाबांना दाखवायचं काय, त्यांनी माझ्याइतकीच चित्रं पाहिली होती. त्यांची नजर थेट खालच्या कोपऱ्यात गेली.

"पोळं आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे हे परत होत नाही."

"नाही होत, कुशाबा. गोळ्या आहेत, त्या वाढ मंद करतात. झालेलं भरून काढत नाहीत. पुढेमागे फुप्फुस बदलायचं का, तेही डॉक्टर बोलतील तुमच्याशी."

"किती वर्षं?"

"नेमकं कुणीच सांगू शकणार नाही. कुणाला दोन मिळतात, कुणाला पाच-सहा, कुणाला जास्त."

लक्ष्मीवहिनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आत्ताच बोलले नाही तर मी कधीच बोलणार नाही.

"अजून एक आहे. चार वर्षांपूर्वीचा तुमचा स्कॅन. त्यात हे होतं. बारीक होतं, पण होतं. मी चुकले, कुशाबा. मी कोविड समजले. तुम्हाला पालथं झोपवायला हवं होतं, तीन महिन्यांनी परत बघायला हवं होतं. मी निवळेल म्हणून सांगितलं."

कुशाबा उठले, माउस हातात घेतला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या स्क्रीनवर, माझ्यासमोर, स्वतः चित्र खालीवर करून पाहू लागले. जुनं चित्र डावीकडे, नवं उजवीकडे. मग ते सम्यककडे वळले.

"डॉक्टर, हा जुना तुम्ही बघितलात?"

"हो, काका."

"तुम्हाला किती वेळ लागला ओळखायला?"

सम्यकने माझ्याकडे पाहिलं. "खरं सांग," मी म्हटलं.

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं," कुशाबा म्हणाले. पुन्हा म्हणाले, "पाच मिनिटं." मग माझ्याकडे न बघता, "तेव्हा गोळ्या सुरू झाल्या असत्या तर?"

"तर आज एवढं झालं नसतं, असं मला वाटतं. खात्री देता येत नाही. पण वाटतं."

"मला छातीचे डॉक्टर म्हणाले होते तेव्हा, एकदा येऊन जा दाखवायला. मी म्हटलं, कशाला? सुनेत्रा मॅडमनी बघितलंय." ते खुर्चीत बसले. धाप लागली होती. "दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर मी गेलो असतो."

मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायचा मला काही हक्क नव्हता, म्हणून मी दात आवळून बसले.

लक्ष्मीवहिनींकडे मी पाहिलं. त्या मला शिव्या देतील असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"म्हणजे तेव्हापासून होतं?" त्यांनी विचारलं. "तो खोकला पण त्याचाच?"

"हो वहिनी."

"आमची दहा बाय बाराची खोली हो, बाई. सुशांतची परीक्षा, त्याच्या बापाचा खोकला. रात्री सुरू झाला की थांबायचा नाही. मी म्हणायची, बाईंनी सांगितलंय तुम्हाला काही नाही, कशाला नाटकं करताय? पोराला झोपू द्या, बाहेर जाऊन खोका." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "आणि हे जायचे. उशी घेऊन गॅलरीत जाऊन बसायचे. थंडीत पण. चार वर्षं मी ह्यांना बाहेर पाठवलं. मला वाटायचं नाटकं."

कुशाबांनी वहिनींकडे पाहिलं. रागाने नाही.

"सांगत होतो ना गो तुला," ते म्हणाले, "खोकला खरंच येतो."